प्रोटोकॉल सगळ्यांचा, शब्द कोणाचे?

क्रॉयडनमध्ये राहून लंडनच्या विद्यापीठांत एम.एस्सी. करणाऱ्या मराठी मुलांचे प्रबंध साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात सादर होतात. त्यांतलं कार्यपद्धतीचं प्रकरण अनेकदा प्रयोगशाळेच्या सामायिक फाईलमधून जसंच्या तसं आलेलं असतं. ‘फाईल सुपरवायझरांनीच दिली’ हे त्याचं समर्थन पुरेसं नाही.

वेस्टर्न ब्लॉटचं उदाहरण घ्या. प्रोटोकॉल सांगतो की पहिलं प्रतिपिंड 1:1000 प्रमाणात, 4 अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवावं. विद्यार्थिनीने ते खोलीच्या तापमानाला दोनच तास ठेवलं, पण प्रबंधात मजकूर उतरवला तो ‘रात्रभर’चाच. इथे शब्दांची उसनवारी उरत नाही; नोंदच खोटी होते. तोच प्रयोग पुन्हा करणाऱ्याला पट्टी वेगळी दिसली, तर कारण सापडणार नाही. जाणकार परीक्षकाला हे कळतं. आकडे प्रोटोकॉलशी तंतोतंत जुळतात, प्रयोगवहीशी जुळत नाहीत. एकटीच्या प्रबंधात मध्येच ‘आम्ही’ येतं. कधीच मोडीत काढलेल्या सेंट्रिफ्यूजचे आरपीएमही तसेच राहतात.

सुपरवायझरांच्या जुन्या शोधनिबंधातला मजकूर हा दुसरा प्रश्न. कार्यपद्धतीचं स्वतःचंच वर्णन ते पुढच्या निबंधात उघडपणे, मर्यादेत वापरू शकतात. विद्यार्थ्यासाठी मात्र ते दुसऱ्याचं लेखन असतं. नुसता संदर्भ दिला, तर पद्धत कुठून घेतली एवढंच समजतं; वाक्यंही तिथलीच आहेत हे समजत नाही. त्यासाठी अवतरणचिन्हं हवीत, किंवा स्पष्ट निवेदन.

ते निवेदन अवघड नाही: ‘विभाग 2.3 मधील वर्णन प्रयोगशाळेच्या प्रोटोकॉलवरून (लेखक, आवृत्ती, तारीख) परवानगीने घेतले आहे. प्रतिपिंडाचा काळ व तापमान मी बदलले.’ मूळ प्रोटोकॉल लेखकाच्या नावासह परिशिष्टात द्यावा आणि प्रकरणात आपण प्रत्यक्ष काय केलं ते प्रयोगवही समोर ठेवून लिहावं. संयुक्त शोधनिबंध प्रबंधात घेतला असेल, तर कोणता भाग कोणी लिहिला तेही नोंदवावं. विद्यापीठाचा नियम याहून कडक असेल, तर तोच पाळावा.

साम्याच्या टक्केवारीवर विसंबू नये. भारतात यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही; म्हणून तेवढं उचलायची मुभा मिळाली, असा अर्थ काढणं चूक आहे. उलट, अवतरणात दिलेला आणि श्रेय नोंदवलेला मजकूर त्या मोजणीतून वगळला जातो.

पहिली जबाबदारी मात्र सुपरवायझरांची आहे. त्यांनी प्रत्येक प्रोटोकॉलवर लेखकाचं नाव, आवृत्ती आणि तारीख घालूनच फाईल विद्यार्थ्याच्या हाती द्यावी. ज्या फाईलवर नावच नाही, तिचं श्रेय विद्यार्थ्याने कोणाला द्यायचं?