शंभराच्या पलीकडचे गुण

दहावीची एकूण टक्केवारी शंभरावर रोखावी हे आम्हांस सर्वथा मान्य आहे. परंतु त्या रोखण्यात विद्यार्थ्याचे मूळ गुण झाकले जाऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. २०२५ च्या निकालात शंभर टक्के मिळवणारे २११ विद्यार्थी निघाले, त्यांत एकट्या लातूर विभागाचे ११३. या आकड्यांत अभ्यासाचे किती आणि कला-क्रीडेच्या वाढीव गुणांचे किती, हे नुसत्या टक्केवारीवरून सांगता येत नाही.

इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेतील ‘ए’ श्रेणीचे सात गुण घ्या. सर्वोत्तम पाच विषयांत पाचशेपैकी ४९३ मिळवणारा त्यांच्या बळावर पाचशेवर पोहोचतो, ४९९ वाल्याच्या पदरी तीच श्रेणी असूनही त्यांतला एकच गुण पडतो, आणि कुंचला हाती न धरलेला ४९८ वाला, ज्याने पहिल्यापेक्षा पाच गुण अधिक मिळवले, तो अकरावीच्या गुणवत्ता यादीत दोघांच्याही मागे जातो. चित्रकलेचा गौरव व्हावा, पण विज्ञान शाखेच्या जागेचा निवाडा तिने करावा, हे काही आमच्या गळी उतरत नाही.

म्हणून मंडळाने मूळ व वाढीव गुणांचे रकाने अलग ठेवावेत, मर्यादा अखेरच्या बेरजेसच लावावी, आणि शिक्षण खात्याने बेरीज समान असता मूळ गुणांनुसार क्रम लावण्याचा हुकूम पुढील प्रवेशफेरीपूर्वी काढावा.