क्युरेटिंगनंतर पाळी कमी झाली तर

‘पाळी येते, पण एक दिवस नुसता डाग दिसतो,’ असे सांगणाऱ्या बायका कर्जत-खालापूरच्या वाड्यांमधून आमच्याकडे येतात. अंगात रक्त कमी, म्हणून पाळी कमी, असा त्यांचा समज असतो. अशा वेळी आधी विचारावे लागते, पिशवी कधी साफ केली होती का?

समजा, तिशीतल्या एका बाईचा गर्भपात झाला आणि क्युरेटिंग दोनदा करावे लागले. पूर्वी चार दिवस येणारी पाळी आता एका दिवसावर आली, पण ओटीपोट दर महिन्याला ठरलेल्या वेळी दुखते. म्हणजे बीजकोशांचे काम बहुधा ठीक आहे, अडचण पिशवीत आहे. अस्तर खोलवर खरवडले गेले की ते पुन्हा नीट वाढत नाही आणि पिशवीच्या भिंती एकमेकींना चिकटतात. यालाच अशरमन सिंड्रोम म्हणतात.

सोनोग्राफीत हे अनेकदा दिसत नाही. दुर्बिणीने पिशवीच्या आत पाहिल्यावर खात्री होते आणि चिकटलेला भाग त्याच वेळी सोडवता येतो. मात्र तो पुन्हा चिकटू शकतो. क्षयरोगानेही असेच होते, म्हणून अस्तराचा नमुना तपासावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना गर्भपातासाठी क्युरेटिंग नको, गोळ्या किंवा व्हॅक्यूम पद्धत वापरा, असे सांगतात. क्युरेटिंगनंतर पाळी कमी झाली असेल, तर डिस्चार्ज कार्ड घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे या. मूल हवे असेल तर उशीर करू नका.