विहिरीचे पाणी तीन मीटरने वाढले. पण मुरले किती?

पावसाळा सरला की भूजल पातळीचे आकडे प्रसिद्ध होतात. अमुक तालुक्यात पातळी गेल्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा मीटरभर वर, तमुक तालुक्यात खाली. रब्बीत काय पेरायचे, याचा अंदाज अनेक शेतकरी या एका आकड्यावरून बांधतात. पण निरीक्षण विहिरीचा वर्षभराचा आलेख शेजारी ठेवला, तर हा आकडा किती अपुरा आहे ते दिसते.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी परंपरेने वर्षातून चार वेळा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. मोजतात ती जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली. म्हणून आलेखात शून्य वर असते आणि आकडा मोठा झाला की पाणी खाली गेले, असे समजायचे.

मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीतली एक नमुन्याची विहीर घेऊ. मेअखेर पाणी ९.८ मीटरवर आहे. जूनमध्ये चांगला पाऊस होतो, तरी जुलैच्या सुरुवातीला पातळी १० मीटरवर गेलेली असते. यात नवल नाही. तापलेल्या काळ्या मातीच्या भेगा बुजेपर्यंत आणि माती ओलीने भरेपर्यंत खाली फारसे काही झिरपत नाही. त्यानंतर मात्र रेघ झपाट्याने चढते. सप्टेंबरच्या मध्याला पाणी ५.५ मीटरवर येते आणि ऑक्टोबरच्या मोजणीपर्यंत पुन्हा ६.५ मीटरवर उतरते, कारण उथळ मुरमातले पाणी ओढ्याकडे वाहत राहते.

मे आणि ऑक्टोबर यांची वजाबाकी केली तर वाढ ३.३ मीटर. पण पाऊस झालाच नसता तर ही पातळी मेमध्ये थांबली नसती. उन्हाळ्यातली उतरती रेघ त्याच चालीने पुढे ओढली, तर सप्टेंबरच्या मध्याला ती १०.४ मीटरवर पोचते. खरी वाढ तिथपासून शिखरापर्यंत मोजायची, म्हणजे ४.९ मीटर. मे आणि ऑक्टोबरच्या वजाबाकीने त्यातला जवळपास तिसरा हिस्सा हिशेबाबाहेर ठेवला. रोजची नोंद ठेवणारी स्वयंचलित यंत्रे बसवलेल्या विहिरींत हे शिखर निसटत नाही.

आता ४.९ मीटर वाढ म्हणजे ४.९ मीटर पाणी नव्हे. विहिरीत दिसणारे पाणी भोवतालच्या खडकाच्या फटींमधलेही असते आणि बेसॉल्टच्या मुरमात गळून मोकळे होणारे पाणी आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्केच असते. हिशेबाला सहसा २ टक्के धरतात. ४.९ मीटरचे २ टक्के म्हणजे ९८ मिलिमीटर. पाऊस ७०० मिलिमीटर झाला असेल तर त्यातला १४ टक्के जमिनीत साठला. हेक्टरी ९८० घनमीटर. पिकाला एका पाळीत ५० मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर सगळ्या शिवाराला जेमतेम दोन पाळ्या पुरतील, त्याही एक थेंब ओढ्याला किंवा प्यायला न जाता. हरभऱ्याचा हिशेब यात बसतो, उसाचा बसत नाही.

या आकड्याची सर्वांत कच्ची बाजू म्हणजे ते २ टक्के. खडकात १ टक्काच पाणी मोकळे होत असेल तर साठा ४९ मिलिमीटर, ३ टक्के असेल तर १४७. एकाच गावात वरच्या टेकाडाचा कठीण पाषाण आणि ओढ्याकाठचा जाड मुरूम यांत एवढा फरक सहज असतो. त्यामुळे तालुक्याची सरासरी एखाद्या शेताला लावणे धोक्याचे.

दुसरी फसगत उपशाची. मोटर बंद केली की विहिरीचे पाणी तासाभरातही चढते. ते पुनर्भरण नव्हे, आजूबाजूचे पाणी खड्ड्यात परत येणे आहे. म्हणून मोजणी उपसा थांबवून, पातळी स्थिरावल्यावर व्हायला हवी. आलेखात सुटा, एकाच नोंदीपुरता खड्डा दिसला आणि शेजारच्या विहिरींत तो नसला, तर मोटर चालू असताना नोंद घेतल्याचा संशय घ्यावा. खोल बोअरमधली झटपट वाढही जपून वाचावी लागते. बंदिस्त थरात नुसता दाब वाढला तरी पाणी चढते आणि तिथे २ टक्क्यांचा हिशेब लागूच पडत नाही.

जलसंधारणाची कामे झालेल्या गावांत 'वाढ' हाच यशाचा पुरावा मानला जातो. तिथे आलेखाची तळाची रेघ आधी पाहावी. उन्हाळ्यात उपसा वाढून पातळी ९.८ ऐवजी १२ मीटरवर गेली असेल, तर साठ्याला रिकामी जागा जास्त मिळते आणि भरपूर पावसात पावसाळी वाढ आपोआप मोठी दिसते. शिखर मात्र तेच, ५.५ मीटरवर. गावाच्या हाती पावसाळ्याअखेर पूर्वीइतकेच पाणी आले, आणि मेमध्ये प्यायला उरणारे कमी झाले. साधारण सारख्याच पावसाची दोन वर्षे निवडून शिखराशी शिखर आणि तळाशी तळ ताडून पाहिला, तरच काम आणि उपसा यांतले कोण पुढे आहे ते कळते.