यादीतून गळलेले दोन आकडे

सीमेवरच्या सैनिकाने साध्या कागदावर मृत्युपत्र लिहिलं तरी कायदा ते मानतो, असं आपण कुठेतरी वाचलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 मधली कलमं 65 आणि 66 ही सवलत देतात. मोहिमेवर किंवा प्रत्यक्ष युद्धात असलेला सैनिक, वैमानिक किंवा समुद्रावरचा खलाशी असं मृत्युपत्र करू शकतो. सगळा मजकूर स्वतःच्या हाताने लिहिला असेल तर सही नको, साक्षीदारही नको. दोन साक्षीदारांसमोर नुसतं बोलून सांगितलं तरी चालतं. मात्र ती परिस्थिती संपल्यावर माणूस जिवंत असेल, तर तोंडी मृत्युपत्र महिन्याभरात रद्द होतं.

आता एकाच बंकरमधले दोघे घ्या. एक वसईचा ख्रिस्ती, दुसरा साताऱ्याचा हिंदू. दोघेही लढाईच्या आदल्या रात्री स्वतःच्या हाताने लिहितात, ‘मी घेतलेला प्लॉट बहिणीला द्या.’ दोघेही मारले जातात. वसईच्या बहिणीला प्लॉट मिळतो. साताऱ्याच्या जवानामागे बायको आणि आई असतील, तर प्लॉट त्या दोघींत निम्मा-निम्मा होतो. बहिणीला काहीच नाही.

कारण त्याच कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आहे. हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांना कोणती कलमं लागू, याची ती यादी. आमच्या भाषेत व्हाइटलिस्ट. तिच्यात 63 आहे, 64 आहे, पुढे थेट 68. म्हणजे सही आणि दोन साक्षीदारांची सक्ती लागू, सवलत नाही. ही निवड 1870च्या हिंदू विल्स अॅक्टपासून चालत आली आहे. गंमत म्हणजे 1927 आधी साताऱ्याचा हिंदू तोंडी मृत्युपत्रही करू शकत होता. नंतर सक्ती आली, सवलत आलीच नाही.

कुणी म्हणेल, बंकरमध्ये दोन साथीदार असतातच, घ्यावी त्यांची सही. घेता येते. पण त्या रात्री जवानाला हे माहीत असायला हवं, आणि त्याने साक्षीदारांसमोर सही करून त्यांनीही त्याच्यादेखत करायला हवी. हे जमणार नाही, म्हणून तर सवलत जन्मली. फसवणुकीची भीतीही पटत नाही. ती असेल तर वसईच्या कागदालाही आहे. तोंडी मृत्युपत्राची धास्ती वाटत असेल, तर निदान स्वहस्ते लिहिलेलं तरी माना.

संसदेने त्या यादीत 65 आणि 66 घालावेत. तोवर घरात कुणी फौजेत असेल, तर सुट्टीवर आल्यावर दोन साक्षीदार बसवून मृत्युपत्र करून घ्या. सीमेवरून आलेल्या पत्रावर विसंबू नका.