एक लाख सबस्क्राइबर म्हणजे एक लाख प्रेक्षक नव्हेत

पोस्ट जरा लांब आहे, पण विषय आपल्या खिशाशी संबंधित आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आपल्याकडे तालुक्यागणिक आठ-दहा यूट्यूब न्यूज चॅनल झालेत. गणपती मंडळाचा अहवाल असो, बाजारपेठेतल्या दुकानाचं उद्घाटन असो की निवडणुकीचा प्रचार, जाहिरात कुणाला द्यायची हे ठरवताना एकच प्रश्न विचारला जातो: "सबस्क्राइबर किती?" ज्याचा आकडा मोठा त्याला काम, ज्याचा लहान त्याला चहा पाजून निरोप. हे फक्त गावपातळीवर चालतं असंही नाही. उत्तर प्रदेश सरकारने २०२४ मध्ये डिजिटल मीडिया धोरण आणलं. त्यात सबस्क्राइबर आणि फॉलोअरच्या संख्येवर गट पाडून यूट्यूबवाल्यांना महिन्याला कमाल ८ लाख रुपयांपर्यंत पैसे देण्याची तरतूद आहे. म्हणजे या एका आकड्यावर आता जनतेचा पैसाही वाटला जाऊ शकतो. माझं म्हणणं सरळ आहे: ज्या आकड्यावर आपण सौदा करतो तो आकडा मुळात सौद्यासाठी बनलेलाच नाही.

आधी तो आकडा दिसतो कसा ते बघू. एक हजाराच्या आतलं चॅनल असेल तर नेमकी संख्या दिसते. त्यापुढे फक्त पहिले तीन अंक दिसतात आणि बाकीचं खाली छाटलं जातं. ४,२२७ सबस्क्राइबर असतील तर ४.२२ हजार दिसणार. १२,३४५ असतील तर १२.३ हजार. १,०४,९९९ असतील तरी १.०४ लाखच. आपण शाळेत शिकलो तसं जवळच्या संख्येला पूर्ण करणं इथे नाही, नेहमी खालीच. नेमका आकडा फक्त चॅनलच्या मालकाला त्याच्या यूट्यूब स्टुडिओत दिसतो.

पूर्वी असं नव्हतं. २०१८-१९ मध्ये आपली टी-सीरीज आणि स्वीडनचा प्यूडीपाय यांच्यात पहिल्या नंबरची शर्यत लागली होती, आठवत असेल. लोक चोवीस तास दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लावून थेट प्रक्षेपण बघायचे. चाहत्यांनी जगभरातले प्रिंटर हॅक करून त्यातून "प्यूडीपायला सबस्क्राइब करा" असे कागद काढले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलं. मे २०१९ मध्ये यूट्यूबने जाहीर केलं की आता सर्वांना छाटलेलाच आकडा दिसेल, आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या सुमारास ते लागूही झालं. कंपनीने कारणं दोन दिली. एक, सगळीकडे आकडा एकसारखा दिसावा. दुसरं, मिनिटामिनिटाला आकडा बघत बसल्यामुळे व्हिडिओ करणाऱ्यांवर येणारा ताण कमी व्हावा. बाहेरच्या वेबसाइटना यूट्यूबकडून जो आकडा मिळतो तोही असाच छाटलेला असतो. त्यामुळे "लाइव्ह काउंट" म्हणून सरसर पळणारे जे आकडे तुम्ही बघता, त्यातले शेवटचे अंक हा अंदाज असतो. ते नेमकं मोजमाप समजू नका.

या छाटणीमुळे गैरसमज कसा होतो ते एका उदाहरणाने सांगतो. समजा एका चॅनलने कुठल्यातरी नेत्याविरुद्ध बातमी लावली. रात्री आकडा १.०५ लाख होता, सकाळी १.०४ लाख झाला. लगेच दोन्ही स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतात: "बघा, एका रात्रीत हजार लोकांनी लाथ मारली!" आता हिशेब करू. रात्री नेमके १,०५,००० असतील आणि एकच माणूस गेला, तर उरले १,०४,९९९, म्हणजे दिसणार १.०४ लाख. एक माणूस गेला आणि पडद्यावर हजार गेल्यासारखं दिसलं. उलट टोकाला, रात्री १,०५,९९९ असतील आणि सकाळी १,०४,००० राहिले, तर १,९९९ जण गेले, तरी पडद्यावर तेच दृश्य. म्हणजे त्या दोन स्क्रीनशॉटवरून एवढंच सिद्ध होतं की एक ते १,९९९ यांच्यामध्ये कितीतरी घट झाली. त्यावरून ना बहिष्कार सिद्ध होतो, ना लोकप्रियता. शिवाय बंद झालेली आणि बोगस खाती यूट्यूब स्वतःही मोजणीतून काढत असतं. त्या घटीचा बातमीशी काही संबंधच नसतो.

मग काही जण म्हणतात, "आकडा लपवून टाकला असता तर बरं." तशी सोय पूर्वी होती. स्टुडिओच्या सेटिंगमध्ये एका चौकोनातली खूण काढली की चॅनलच्या पानावर आणि व्हिडिओखाली आकडा दिसायचा बंद व्हायचा. मोजणी मात्र आत चालूच राहायची, मालकाला सगळं दिसायचं. नव्या चॅनलवाल्याला "फक्त ४०च?" या टोमण्यापासून त्याचा आडोसा मिळायचा, हे खरं.

पण हाच आडोसा ठगांनी वापरला. एखाद्या नामांकित चॅनलचं नाव आणि फोटो जसाच्या तसा घ्यायचा, त्याच्याच व्हिडिओखाली प्रतिक्रिया टाकायची, "अभिनंदन, तुम्हाला बक्षीस लागलंय, या नंबरवर संपर्क करा." संशय आला म्हणून कुणी त्या प्रोफाइलवर गेलंच, तर सबस्क्राइबरचा आकडा लपवलेला. खरा की खोटा, कळायला मार्ग नाही. म्हणून यूट्यूबने २९ जुलै २०२२ पासून आकडा लपवण्याची सोयच काढून टाकली. मला हा निर्णय बरोबर वाटतो. लाखांत सबस्क्राइबर असलेल्या माणसाच्या नावाने १२ सबस्क्राइबरवालं खातं बोलत असेल तर चोर लगेच ओळखू येतो. आकड्याचा खरा उपयोग इथे आहे: अंदाजे ओळख पटवायला. या कामाला तीन अंक पुरेसे होतात.

यात एक गोष्ट मिसळू नका. चॅनलचा आकडा लपवणं वेगळं, आणि आपण कुणाकुणाला सबस्क्राइब केलंय हे लपवणं वेगळं. दुसरी सोय आजही आहे, आणि बहुतेकांची यादी आपोआप खाजगीच असते. म्हणून चॅनलवाल्याने सबस्क्राइबरची नावं दाखवली तर त्या यादीत फक्त यादी उघडी ठेवणारेच दिसतात. लाखाच्या चॅनलची यादी छोटी दिसली म्हणून त्याला खोटारडा ठरवू नका.

आता मुद्द्याचं. विचारायचं काय? माझ्या मते प्रश्न हा हवा: "सबस्क्राइबरकडून आलेले व्ह्यूज किती?"

स्टुडिओत `Analytics` मध्ये `Advanced mode` उघडलं की `Subscription status` अशी विभागणी मिळते. एका ओळीत `Subscribed`, दुसरीत `Not subscribed`. माणूस व्हिडिओ बघत असताना सबस्क्राइबर होता की नव्हता, त्यावर ही विभागणी होते. सकाळी सबस्क्राइब न करता एक व्हिडिओ बघितला, मग सबस्क्राइब केलं आणि दुपारी दुसरा बघितला, तर पहिला व्ह्यू एका खात्यात आणि दुसरा दुसऱ्या खात्यात. शिवाय मोजले जातात ते व्ह्यूज. माणसं नव्हेत. एकाच काकांनी तीनदा बघितलं तर तीन व्ह्यूज.

दोन काल्पनिक चॅनल घेऊ. पहिल्याचे १.०४ लाख सबस्क्राइबर. रोजच्या बातमीपत्राला सरासरी ४,००० व्ह्यूज, त्यातले सबस्क्राइबरचे ५००. दुसऱ्याचे ६.२ हजार सबस्क्राइबर. बातमीपत्राला २,५०० व्ह्यूज, त्यातले सबस्क्राइबरचे १,५००. आपल्या नेहमीच्या पद्धतीने जाहिरात पहिल्याला जाते. पण रोज घरच्यासारखं येऊन बघणारा वर्ग दुसऱ्याकडे तिप्पट आहे. पहिल्याकडे दर दोनशे सबस्क्राइबरमागे एखादाच व्ह्यू येतो. बाकीचे कुठे गेले? कदाचित एखादं रील गाजलं तेव्हा आले आणि विसरले. कदाचित "तू मला कर, मी तुला करतो" या देवाणघेवाणीतले असतील. कदाचित विकत घेतलेले असतील. कारण कुठलंही असो, तुमची जाहिरात त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

पण याही आकड्याला मर्यादा आहेत. पुराची किंवा अपघाताची बातमी असेल तर बाहेरचे लोक लोटणारच. तिथे सबस्क्राइबरचा वाटा कमी दिसणं हे उलट बातमी दूर पोचल्याचं लक्षण. लॉगिन न करता बघणारा माणूस जुना सबस्क्राइबर असला तरी बिगर-सबस्क्राइबरमध्येच मोजला जातो. म्हणून एका व्हिडिओवरून निकाल देऊ नका, गेल्या महिन्याभरातली रोजची बातमीपत्रं बघा. आणि शॉर्ट्स बाजूला काढून बघा, कारण ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरला जातो. लांब व्हिडिओशी त्याची तुलनाच होत नाही.

हे आकडे बाहेरून कुणालाच दिसत नाहीत, मालकालाच दाखवावे लागतात. म्हणून माझी सूचना मंडळांच्या खजिनदारांना, व्यापारी संघटनांना आणि सरकारी पैशातून जाहिरात देणाऱ्या प्रत्येकाला आहे. चॅनलवाल्याला सांगा, "स्टुडिओ आमच्यासमोर संगणकावर उघडा आणि २८ दिवसांची विभागणी दाखवा." स्क्रीनशॉट घेऊ नका, त्यात फेरफार करणं पोरखेळ आहे. प्रामाणिक माणसाला हे दाखवायला दोन मिनिटं लागतात.

आपल्या भागात पंचायतीच्या सभेला बसून, बंद पडलेल्या नळयोजनेवर व्हिडिओ करणारी पोरं आहेत. त्यांचा आकडा लहान आहे, पण गाव त्यांना बघतं. मोठ्या आकड्याला भुलून आपण त्यांचं काम बंद पाडतोय, आणि नंतर आपणच म्हणतो की गावच्या प्रश्नावर कुणी बोलत नाही.

कुणा चॅनलवाल्या मित्राची यावर हरकत असेल तर जरूर मांडा. फक्त सोबत विभागणी आणा.