नदीवर नेण्याआधी बादलीत बुडवा

सुट्टीत मुलं कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंगला निघाली, की अम्मी-अब्बा बजावतात, ‘फोन जवळ ठेव.’ मग आधी पिशवी पारखून घ्यायला हवी.

पाऊचवर ‘आयपीएक्स ७’ असेल, तर एक मीटर पाण्यात अर्धा तास आत पाणी शिरू नये. ‘आयपीएक्स ८’ म्हणजे त्याहून अधिक. नेमकं किती, ते कंपनीने लिहिलेलं असतं. मात्र ही चाचणी स्थिर पाण्यातली. उसळत्या नदीचा मारा वेगळा.

म्हणून आम्ही सांगतो, पाऊचमध्ये फोनऐवजी टिश्यू पेपर आणि एक गुळगुळीत दगड घाला, तोंड बंद करा आणि अर्धा तास बादलीत बुडवून ठेवा. बाहेरून पुसून मगच उघडा. कागद दमट लागला, तर तो पाऊच नको. तोंडाच्या पट्टीत वाळूचा कण अडकला तरी पाणी शिरतं, म्हणून दर वेळी पट्टी पुसा. फोन ठेवताना आत थोडी हवा राहू द्या, म्हणजे तो तरंगेल. पण तेही बादलीत पाहून घ्या.

कपडे, औषधं यांसाठी ड्राय बॅग घ्या. ती गच्च भरू नका, कारण तोंडाला किमान तीन घट्ट घड्या पडल्या पाहिजेत. घड्या घालून बॅग दाबा. हवा सुटली, तर पाणीही शिरेल. अशी बॅग शिंतोडे आणि क्षणभराची बुडी सोसते, बराच वेळ पाण्याखाली राहणं नाही. म्हणून फोन तिच्यात ठेवायचा तर पाऊचसकटच.