भांडं नाकारणारी शेगडी खोटं बोलत नाही

परवा एका साखरपुड्याच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी इंडक्शन शेगडीविषयी आपलं मत ठासून मांडलं आणि भोवतालच्या पाच-सात जणांनी माना डोलावल्या. मत असं की, ही शेगडी म्हणजे कंपन्यांची शुद्ध लबाडी आहे. गॅसवर तांबं, पितळ, जर्मनची भांडी सगळं तापतं, हिला मात्र हिची वेगळी भांडी लागतात. म्हणजे आधी शेगडी विकायची आणि मागोमाग भांड्यांचा संच गळ्यात मारायचा. काही अडलं की पडद्यावर E0, E3 असलं काहीतरी दाखवायचं, म्हणजे माणूस घाबरून मेकॅनिकचं घर भरतो. शेवटी त्यांनी हुकमाचा एक्का टाकला, "माझं पातेलं माझ्या शेगडीवर चालत नाही, पण भावाच्या शेगडीवर तेच पातेलं व्यवस्थित तापतं. मग लबाडी नाही तर काय?"

मी बावीस वर्षं घरगुती उपकरणं दुरुस्त करतो. ज्या मेकॅनिकचं घर भरतं म्हणतात, तो मीच. तेव्हा हे मत मला झोंबलं यात नवल नाही. पण ते खोडण्याचं कारण माझा धंदा नाही. या मतापायी लोक चांगल्या शेगड्या अडगळीत टाकतात आणि नको त्या भांड्यांवर पैसे घालवतात, हे मी रोज पाहतो.

गॅसचं उदाहरण आधी निकालात काढतो. गॅसची ज्योत आधी तापलेली असते आणि ती भांड्याला उष्णता देते, त्यामुळे तिला बूड कशाचं आहे याच्याशी देणंघेणं नसतं. इंडक्शनमध्ये उष्णता शेगडीत तयार होतच नाही, ती भांड्याच्या बुडात तयार होते. काच उचलून पाहिली तर खाली केसासारख्या बारीक, लाखेचा थर दिलेल्या तांब्याच्या तारा एकत्र पिळून केलेलं चपटं वेटोळं दिसतं. त्यातून जाणारी वीज सेकंदाला साधारण वीस ते तीस हजार वेळा दिशा बदलते. त्यामुळे वरच्या बुडात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात आणि बुडाचा विरोध त्या प्रवाहांचं उष्णतेत रूपांतर करतो. म्हणजे भांडं हा शेगडीचाच अर्धा भाग आहे. तो अर्धा भाग चुकीचा असेल तर उरलेल्या अर्ध्याने काय करावं?

आता जर्मनच्या भांड्याकडे या, कारण सगळा वाद इथेच आहे. इतक्या वेगाने दिशा बदलणारा प्रवाह धातूच्या आतवर जात नाही, पृष्ठभागाशीच राहतो. लोखंड चुंबकीय असल्यामुळे त्याच्यात हा थर जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा असतो, ॲल्युमिनियममध्ये तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जातो. त्यात ॲल्युमिनियम मुळातच विजेला फारसं अडवत नाही. दोन्हींचा हिशेब मांडला तर प्रवाहाला लोखंडी बुडाचा विरोध ॲल्युमिनियमच्या कितीतरी पट भरतो. म्हणजे तेवढ्याच प्रवाहात लोखंडी तवा तापेल आणि जर्मनचं पातेलं जेमतेम कोमट होईल. कसर भरून काढायला प्रवाह वाढवावा तर वेटोळंच तापतं आणि वेटोळ्यातला प्रवाह चालू-बंद करणारा आयजीबीटी नावाचा स्विच जळतो. म्हणून शेगडी ते पातेलं घेत नाही. तिने ते घेतलं असतं तर महिन्याभरात ती माझ्या टेबलावर आली असती, आणि तेव्हा मात्र माझं घर खरंच भरलं असतं.

भांडं ओळखायची शेगडीची रीतही साधी आहे. ती वेटोळ्याला विजेचा एक छोटा झटका देते आणि त्याची कंपनं किती वेळ चालतात ते मोजते. वर काही नसेल तर कंपनं लांबतात. लोखंडी बूड असेल तर ते ऊर्जा शोषतं आणि कंपनं चटकन विझतात. रिकाम्या शेगडीतून दर एक-दोन सेकंदांनी बारीक टक् असा आवाज येतो, तो याच झटक्यांचा. म्हणजे शेगडीला भांड्याची किंमत, छाप, जात काही कळत नाही. तिला फक्त कंपनं किती लवकर विझली एवढंच कळतं.

आणि इथेच त्या गृहस्थांचा एक्का पडतो. मागच्या महिन्यात एक ताई शेगडी घेऊन तिसऱ्यांदा आल्या. तक्रार एकच, स्टीलचं पातेलं ठेवलं की शेगडी शिट्टी मारते, भांडं नसल्याचा कोड दाखवते आणि अर्ध्या मिनिटात बंद पडते. "भाऊ, चुंबक लावून बघितलं मी, चिकटतं," त्या म्हणाल्या. मी पातेलं घेतलं. काठाला चुंबक लावलं तर ते हलकेच धरून राहिलं. मग पातेलं पालथं घातलं आणि तेच चुंबक बुडावर ठेवलं, तर ते सरळ घसरून खाली पडलं. पातेलं 304 जातीच्या स्टीलचं होतं, म्हणजे ज्यात साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असतं. निकेलमुळे हे स्टील चुंबकीय राहत नाही. पण साच्यात दाबून पातेलं ओढताना काठाचा पत्रा जास्त ताणला जातो, त्याची अंतर्रचना थोडी बदलते आणि तेवढ्या भागात चुंबकाची किंचित पकड येते. बूड कमी ताणलं जातं, म्हणून तिथे ती येत नाही. ताईंनी चुंबक लावलं होतं, पण बुडाला नाही.

मग असं पातेलं त्या गृहस्थांच्या भावाच्या शेगडीवर का चालतं? कारण 304 अगदी सीमेवरचं आहे. चुंबकीय नसलं तरी त्याचा पातळ पत्रा विजेला बऱ्यापैकी अडवतो, म्हणून थोडी उष्णता निघते. मात्र असं भांडं ठेवलं की स्विचवरचा प्रवाह नेहमीपेक्षा वाढतो. किती वाढेपर्यंत सोसायचं, ही मर्यादा प्रत्येक बनवणारा आपापल्या स्विचच्या ताकदीप्रमाणे ठरवतो. एकाने ती सैल ठेवली, दुसऱ्याने घट्ट. घट्ट ठेवणाऱ्याला लबाड म्हणायचं असेल, तर उडून घर वाचवणाऱ्या फ्यूजलाही लबाड म्हणावं लागेल.

यावर कुणी म्हणेल की, जपानमध्ये तांबं आणि ॲल्युमिनियम तापवणाऱ्या इंडक्शन शेगड्या मिळतात. मिळतात, आणि या शतकाच्या सुरुवातीपासून मिळतात. त्यांत प्रवाह दिशा बदलण्याचा वेग दुप्पट-तिपटीने वाढवलेला असतो आणि वेटोळ्याला फेरे जास्त असतात. त्यामुळे त्या महाग पडतात. शिवाय ॲल्युमिनियममध्ये उठणारे प्रवाह वेटोळ्याला दूर ढकलतात, म्हणून हलकं पातेलं काचेवर उचललं जाऊन सरकू शकतं. ज्याला हवी त्याने ती जरूर घ्यावी. पण तिच्या नावाने दोन-अडीच हजारांच्या शेगडीवर फसवणुकीचा आरोप करू नये.

तांब्याच्या बुडाची स्टीलची भांडीही जर्मनच्या भांड्यांसारखीच, बुडाचा विरोध कमी पडल्यामुळे नाकारली जातात. कॉफीपुरतं सात-आठ सेंटिमीटरचं भांडं नाकारलं जातं, कारण ते वेटोळ्याचा फार थोडा भाग झाकतं. आणि जर्मनच्या भांड्याखाली लोखंडी चकती ठेवायचा जो सल्ला पंगतीत ऐकला, त्यात चकती तापते, तिच्याखालची काच तापते आणि भांडं सगळ्यात शेवटी तापतं. पुढे पडद्यावर जास्त तापल्याचा कोड येतो, आणि शिव्या पुन्हा शेगडीलाच.

कोडचंही तसंच. ते बहुतेक वेळा तीन गोष्टींपैकी एक सांगतात: भांडं नाही, फार तापलं, किंवा वीज कमी-जास्त आहे. तापल्याच्या कोडमागे दहातल्या सहा वेळा मला खालचा पंखा धुळीने किंवा झुरळांनी अडलेला सापडला आहे. ब्रशने साफ करायचं काम, दहा मिनिटांचं.

विजेच्या कोडवरून मात्र एक जुना वाद आठवतो. आमच्या गावाकडच्या एका वायरमनने टेस्टर लावून दाखवला, लाल दिवा लागला आणि त्याने जाहीर केलं की वीज पूर्ण आहे, शेगडीच फसवी आहे. मी किती सांगितलं की टेस्टरमधला तो निऑनचा दिवा शंभर व्होल्टवरही लागतो, पण त्याने ऐकलं नाही. शेवटी मी मीटर लावला. शेगडी बंद असताना 205 व्होल्ट, आणि दोन हजार वॉटवर सुरू करताच काटा 165 वर. दोन हजार वॉटची शेगडी जवळपास नऊ अँपिअर ओढते, तर सॉकेटमधली तार ढिली होती आणि काळी पडली होती. तार कापून, नवा पॉवर पॉइंट बसवून शेगडी लावली, तेव्हा ती सरळ चालली. शेगडीने अचूक सांगितलं होतं, पण वायरमनचा विश्वास टेस्टरवर.

मग करायचं काय? भांडं घेताना चुंबक बुडाला, मधोमध लावायचं. घट्ट बसलं पाहिजे, लोंबकळत नव्हे. बूड किमान बारा सेंटिमीटरचं आणि सपाट हवं. पट्टी आडवी ठेवून पाहा. कोरडा पडून बूड फुगलेला इंडक्शन कुकर काचेपासून तीन मिलिमीटरही उचलला गेला, तर शेगडीला तो नीट जाणवत नाही. कोडचे अर्थ मात्र कंपनीगणिक बदलतात. माझ्याकडे आलेल्या एका शेगडीत E0 म्हणजे भांडं नाही, दुसरीत त्यालाच E1 म्हणतात. म्हणून शेजाऱ्याचा अर्थ उसना घेऊ नका. सोबत आलेला कागद ओट्यावरच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा.

बनवणाऱ्यांनाही दोष द्यायचाच असेल, तर तो इथे द्या. अर्थ न सांगणारा आकडा दाखवण्यापेक्षा "भांडं", "ताप", "वीज" एवढे तीन शब्द पडद्याशेजारी छापता आले असते. ताईंना मी जुन्या स्पीकरमधलं एक चुंबक दिलं, ते आता त्यांच्या फ्रिजच्या दारावर असतं, आणि भांड्यांच्या दुकानात त्या ते सोबत नेतात. असं एक चुंबक आणि ते तीन शब्द प्रत्येक शेगडीच्या खोक्यात आले असते, तर पंगतीतला तो एक्का कुणाच्या हातातच आला नसता.